सपाट गच्चीचा पावसाळी निचरा आणि ओव्हरफ्लो

सपाट गच्चीवर पडणारं पाणी खाली न्यायला किती पाईप लागतील, केवढ्या व्यासाचे लागतील, आणि ते तुंबले तर पाणी कुठून बाहेर पडेल, हे ठरवण्याचा हा हिशोब. गणित तसं सोपं आहे, कारण 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे बरोबर 1 लिटर पाणी, आणि गच्चीत काही मुरत नाही त्यामुळे पडलं तेवढं सगळं धरायचं. गोंधळ होतो तो पावसाचा आकडा कुठला धरायचा यात.

26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण त्याला 24 ने भागलं तर तासाला जेमतेम 39 मिमी येतो, आणि त्याच दिवशी दुपारच्या एका तासात 190 मिमीच्या आसपास पडला होता. म्हणजे दिवसाचा एकूण पाऊस इथे कामाचा नाही. शहरातल्या नाल्याला पाणी गोळा व्हायला वेळ लागतो, गच्चीवर टोकाचं पाणी दोन-चार मिनिटांत पाईपाच्या तोंडाशी येतं, म्हणून गच्चीसाठी थोड्या मिनिटांच्या जोरदार सरीची तीव्रता धरतात, तीही मिमी प्रति तासातच मोजलेली. मुंबईचे जुने नाले तासाला 25 मिमी धरून बांधलेले होते, तो आकडा उचलून गच्चीला लावला तर फसलातच.

उदाहरण घेऊ. कोकणपट्टीतली 16 मी बाय 12 मी गच्ची, म्हणजे 192 चौ.मी., तीव्रता धरली 150 मिमी प्रति तास. तासाला 28,800 लिटर, म्हणजे सेकंदाला 8 लिटर. (जिन्याच्या खोलीची भिंत गच्चीवर असेल तर वाऱ्याने तिच्यावर आपटलेलं पाणीही खालीच येतं, तिचं अर्धं क्षेत्रफळ मिळवतात, इथे सोडून देऊ.) राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या तक्त्यात या तीव्रतेला 100 मिमीचा पाईप 28.5 चौ.मी. गच्ची सांभाळतो आणि 150 मिमीचा 83.6 चौ.मी. म्हणजे एकतर 100 चे सात नाहीतर 150 चे तीन.

लोकांना हे आकडे फार कमी वाटतात, एवढ्या जाड पाईपातून कितीतरी जास्त पाणी जाईल असं वाटतं, आणि उभ्या पाईपातून जाईलही, पण अडतं ते तोंडाशी. गच्चीवर पाणी उथळ असतं, ते भोकाच्या काठावरून सांडतं, त्यात वर जाळी, तिने क्षमता निम्मी होते असं धरतात. आपल्या तीन पाईपांत प्रत्येकी 2.67 लिटर प्रति सेकंद घालायचं तर जाळीभोवती साधारण 42 मिमी पाणी उभं राहावं लागतं. जाळी काढून टाकली की पाणी झरझर जातं हे खरं, मग दोन महिन्यांनी कबुतराचं घरटं आणि प्लास्टिकची पिशवी पहिल्या बेंडमध्ये अडकते.

आता तिन्ही तोंडं बंद झाली असं धरा. इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक IS 875 भाग 2, त्याप्रमाणे वापरातल्या गच्चीला माणसं-सामानाचा म्हणजे चल भार 1.5 किलोन्यूटन प्रति चौ.मी. धरतात, आणि हा म्हणजे 150 मिमी पाण्याचं वजन. कठडा मात्र मीटरभर उंच. म्हणजे कुठे वाट नसेल तर स्लॅब ज्यासाठी बांधलाय त्याच्या कितीतरी पट भार साचू शकतो, आणि स्लॅब वाकला की त्या खोलगट भागात आणखी पाणी येतं. म्हणून कठड्याला ओव्हरफ्लोची भोकं ठेवायची. 300 मिमी रुंदीची दोन ठेवली तर प्रत्येकी 4 लिटर प्रति सेकंद न्यायचंय, त्यासाठी सूत्र:

Q = L × h^1.5 / 24000

Q म्हणजे एका भोकातून जाणारं पाणी, लिटर प्रति सेकंद, L भोकाची रुंदी आणि h भोकाच्या उंबऱ्यावर चढणारं पाणी, दोन्ही मिमीमध्ये. h येतो सुमारे 47 मिमी. भोकाचा उंबरा पाईपाच्या तोंडापासून 50 मिमी वर ठेवला तर पाईप मोकळे असताना जाळीभोवती 42 मिमीच पाणी उभं राहतं म्हणून तिथून पाणी जात नाही, आणि सगळं तुंबलं तरी पाणी 97 मिमीवर थांबतं. उंबरा 100 वर नेला की 147 होतं, अगदी काठावर. भोकाची उंची मात्र 100 तरी हवी, नाहीतर तेच पानांनी बुजतं, आणि जिन्याच्या दाराचा उंबरा 97 च्या बराच वर हवा.

ओव्हरफ्लो त्याच पावसाळी पाईपाला जोडू नये, पाईप तुंबला की तोही गेला. पाणी सरळ बाहेर, येताजाता दिसेल असं पडावं, कारण साध्या पावसात तिथून धार लागली म्हणजे खाली जाळी बुजलीये हे कळतं. खालच्या मजल्यावाले तक्रार करतात आणि सोसायटी भोक सिमेंटने बंद करते, हे नेहमीचं. दुसरं त्याहून लपून होतं: जुन्या वॉटरप्रूफिंगवर विटांच्या तुकड्यांचा नवा ब्रिकबॅट कोबा टाकतात, गच्ची शंभरेक मिमी वर येते, पाईपाची तोंडं तेवढी उचलून घेतात आणि ओव्हरफ्लो कोब्याखाली गाडला जातो. कोब्याच्या कामानंतर बाहेरून बघितलं तर भोक जागेवरच दिसतं, त्यामुळे गच्चीवर जाऊन आतल्या बाजूने पट्टी लावून उंबऱ्याची उंची मोजावी लागते.