ब्रेकच्या नळीतली हवा: तीनशे वर्षांची पार्श्वभूमी

गॅरेजमध्ये एक माणूस गाडीत बसलेला असतो आणि दुसरा चाकाशी वाकलेला. चाकाशी बसलेला ओरडतो, "पंप मार... मार... दाबून धर!" मग पान्याचा एक हलका फेर, बाटलीत बुडबुडे, आणि "सोड!" हाच खेळ चारही चाकांपाशी होतो. याला कुणी ब्रेक ब्लीड करणं म्हणतं, कुणी एअर काढणं. चमचाभरही नसलेल्या हवेसाठी एवढा खटाटोप का, याचं उत्तर मोटारीच्या आधीच्या काळात आहे.

फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. त्यात त्याने एक बंद भांडं कल्पिलं आहे. पाण्याने काठोकाठ भरलेल्या या भांड्याला दोन तोंडं आहेत, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं, आणि दोन्हींत दट्टे बसवलेले. लहान दट्ट्यावर एका माणसाने जोर लावला, तर मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तो तोलून धरतो. द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो आणि क्षेत्रफळ जितकं मोठं तितका जोर मोठा. मात्र फुकट काही मिळत नाही. मोठा दट्ट्या एक बोट सरकायला लहान दट्ट्याला शंभर बोटं जावं लागतं. ब्रेकमधल्या हवेचं सगळं दुखणं या दुसऱ्या वाक्यातून निघतं, पण बहुतेकांच्या लक्षात पहिलंच राहतं.

इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याला सतावलं ते गळतीने. दट्ट्या घट्ट बसवला तर सरकत नाही, सैल ठेवला तर कडेने पाणी निसटतं. यावर तोडगा निघाला चामड्याच्या वाटीसारख्या कॉलरचा, आणि त्याचं श्रेय त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला दिलं जातं. वाटीची कड दाबाच्या बाजूला तोंड करून बसवायची. पाणीच मग कडेला भिंतीवर दाबतं, आणि दाब जितका वाढेल तितकी वाटी जास्त घट्ट बसते. आजच्या गाडीत पेडल ज्या नळकांड्यात दाब तयार करतं, त्या मास्टर सिलिंडरमधला रबरी कप याच कल्पनेवर चालतो. या कपची एक खोड पुढे कामाला येणार आहे: तो एकाच दिशेने अडवतो. उलट बाजूने दाब जास्त झाला की कड आत दुमडते आणि वाट मोकळी होते.

मोटारी आल्या त्या काळात ब्रेक होते तारांचे आणि सळयांचे. पुढच्या चाकांनाही ब्रेक देऊ लागल्यावर खरी पंचाईत झाली. चार चाकांच्या चार सळया, प्रत्येकीची ओढ वेगळी. एक जरा जास्त ताणलेली असली की ब्रेक मारताच गाडी त्या बाजूला ओढली जायची. त्यात पुढची चाकं वळतात आणि स्प्रिंगवर वरखाली होतात, म्हणजे आज जुळवलेली ओढ उद्या बिघडलेली. द्रवाला हा त्रासच नाही. नळी कशीही वाकवा, दाब चारही टोकांना सारखा. मला विचाराल तर जोर वाढवण्यापेक्षा जोर सारखा वाटण्यासाठीच द्रव ब्रेकमध्ये आला. जोर वाढवायला तरफही पुरली असती.

हे मोटारीत उतरवणारा माणूस म्हणजे अमेरिकेचा माल्कम लॉकहीड, विमानांसाठी गाजलेल्या त्याच घराण्यातला. त्याचं पेटंट १९१७ चं. १९२१ मध्ये ड्यूझनबर्गच्या 'मॉडेल ए' या महागड्या गाडीला चारही चाकांना द्रवाचे ब्रेक मिळाले. पण लॉकहीडच्या वाट्या चामड्याच्या होत्या. त्या वाळायच्या, आकसायच्या आणि गळायच्या. जिथून द्रव बाहेर जातो तिथूनच हवा आत येते. १९२४ च्या क्रायस्लर सिक्ससाठी तिथल्या इंजिनिअरांनी रबराचे कप बसवले, आणि इथून हा ब्रेक रोजच्या वापरातल्या गाडीच्या आवाक्यात आला. फोर्डला मात्र पटायला १९३९ चं मॉडेल उजाडावं लागलं. तोवर त्यांच्या जाहिरातींचा रोख असा की आमच्याकडे पेडलपासून चाकापर्यंत पोलाद आहे. हा हट्ट अगदीच वेडा नव्हता. पोलादाच्या सळईत हवा शिरत नाही.

आता एक हिशोब मांडू. आकडे सोयीचे घेतलेत, पण साध्या मोटारीत शोभतील असे. सर्व्हो, म्हणजे ब्रेकचा बूस्टर, बाजूला ठेवू. पायाने २० किलोचा जोर लावला. पेडल ही तरफ आहे, ५ पटीची धरली तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो येतात. त्या सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सव्वातीन चौरस सेंटिमीटरला थोडं कमी. नळीतला दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३२ किलो. पुढच्या चाकाशी चिमट्यासारखा बसवलेल्या कॅलिपरमधला दट्ट्या ५० मिलिमीटरचा असला तर त्यावर सव्वासहाशे किलोच्या आसपास जोर पडतो, आणि तेवढ्याने ब्रेक पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला आवळतो.

आता पास्कालचं दुसरं वाक्य आठवा. पॅड आणि डिस्कमधलं अंतर मिलिमीटरच्या भागात मोजायचं असतं, म्हणून दट्ट्याला सरकायला फार ऑइल लागत नाही. चारही चाकांचं मिळून ३ मिलिलिटर धरू. त्यासाठी मास्टर सिलिंडरचा दट्ट्या जेमतेम एक सेंटिमीटर पुढे जातो, आणि पेडल पायाखाली ५ सेंटिमीटर खाली जातं. दट्ट्याची पुरी धाव ३ सेंटिमीटर मानली, तर पेडल जमिनीला टेकेपर्यंत १५ सेंटिमीटर आहेत. ऑइल स्वतः जवळपास दबतच नाही. एवढ्या दाबाखाली ते हजारात दोन-एक भाग आकसेल, फार नाही.

या नळीत २ मिलिलिटर हवा राहिली आहे असं समजा, अर्ध्या चमच्याहूनही कमी. हवा ऑइलसारखी नाही. दाब दुप्पट झाला की ती निम्मी होते. बाहेरच्या हवेचा दाब एक धरला तर नळीतला ३२ मिळवून ३३ होतो, आणि त्या दाबाखाली दोन मिलिलिटरचे उरतात अवघे ०.०६. बाकीच्या जागेत ऑइल जाऊन बसलं, आणि ते ऑइल चाकापर्यंत पोचलंच नाही. ती जागा भरायला दट्ट्याला ६ मिलिमीटर जादा जावं लागलं, म्हणजे पेडलला ३ सेंटिमीटर. गाडी थांबेल, पण पेडल पाचऐवजी आठ सेंटिमीटर जाईल. हवा ६ मिलिलिटर असेल तर पेडल चौदा सेंटिमीटरवर पोचतं, जमिनीच्या अगदी जवळ. ब्रेकचे लाइनर, म्हणजे घासणारे थर, थोडे झिजलेले असतील तर उरलेला तो एक सेंटिमीटरही गेला आणि पाय फरशीवर.

एक गैरसमज इथे सुटतो. हवा दाब खाते असं सर्रास म्हणतात. ती दाब खात नाही, ती धाव खाते. बुडबुडा पुरता दबला की पलीकडे तोच ३२ चा दाब पोचतो. प्रश्न असतो तो दबेपर्यंत पेडलकडे जागा शिल्लक आहे का, एवढाच. पाय जो मऊ, स्पंजासारखा बुडतो त्याचंही कारण यातच आहे. पहिली निम्मी हवा दाबायला नळीत एक किलोचा दाब पुरतो, आणि त्यासाठी आपल्या गाडीत पायाला अर्ध्या किलोहून थोडा जास्त जोर. पेडल काहीच न लागता खाली जातं आणि मग हळूहळू कडक होतं.

पेडल दोनतीनदा भराभर मारलं की ते वर येतं, हे प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला ठाऊक आहे. याचं कारण तो एकतर्फी कप. पेडल झटकन सोडलं की कपाच्या पुढे दाब घटतो, कड दुमडते आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल कडेने पुढे सरकतं. ते परत जायच्या आत पुन्हा दाबलं की नळीत ऑइल जास्त झालेलं असतं. पंप मारून पेडल वर आलं तर संशय हवेवर घ्यावा, नाहीतर मागच्या चाकांच्या ड्रमला आतून घासणारे शू फार सैल असतील. दाबून धरलेलं पेडल मात्र हळूहळू बुडत चाललं, तर हवा नव्हे, गळती किंवा मास्टर सिलिंडरचा खराब कप. हा फरक न बघता नुसतं ब्लीड करत बसलं की बाटलीभर ऑइल जातं आणि पेडल तसंच राहतं.

हवा काढण्याची रीत इतक्या वर्षांत फारशी बदललेली नाही. कॅलिपरच्या सगळ्यात उंच जागी निपल, म्हणजे पान्याने उघडायचं लहान तोंड, असतं, कारण बुडबुडा वर जातो. त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवायचं. पेडल दाबून धरलेलं असताना निपल पाव फेरा सैल करायचं, पेडल खाली जाऊ द्यायचं, आणि पाय उचलण्याआधी निपल बंद करायचं. बंद न करता पाय सोडला तर दट्ट्या मागे येताना निपलच्या आट्यांतून नवी हवा ओढतो, आणि आधीची मेहनत वाया जाते. मधे टाकी रिकामी झाली तर तीच गत. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. ज्या गाड्यांचे ब्रेक दोन तिरक्या जोड्यांत वाटलेले असतात, त्यांत मात्र कंपनीच्या पुस्तकातला क्रम पाळावा. जुन्या गाडीत पेडल एकदम फरशीपर्यंत दाबू नये. सिलिंडरच्या ज्या भागात दट्ट्या वर्षानुवर्षं पोचलेला नसतो तिथे गंज असतो, आणि तो कप फाडतो.

एक चूक अशी की वरवर काही दिसत नाही. काम करताना डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसतो. पाइप जुळतात, बोल्ट बसतात, फक्त निपल तळाला जातं. तासभर ब्लीड केलं तरी स्वच्छ ऑइलच येत राहतं, एकही बुडबुडा नाही, आणि पेडल मऊच. हवा वरच्या कोपऱ्यात बसून असते.

दुसरी हवा मात्र बाहेरून येतच नाही. ब्रेक ऑइल नाव असलं तरी ते तेल नाही, आणि ते हवेतलं पाणी शोषतं. ब्रेक ऑइलचे दर्जे डॉटच्या आकड्यांनी ओळखतात, आणि नवं डॉट ३ चं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हद्द १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. भरलेली गाडी घेऊन वरंध किंवा आंबोली घाट उतरताना गिअर मोकळा ठेवून सतत ब्रेकवर पाय असला, तर कॅलिपरमधलं जुनं ऑइल उकळू लागतं. वाफही हवेसारखीच दबते आणि पेडल अचानक बुडतं. लाइनर तापून ब्रेक लागेनासे होतात तेव्हा पेडल कडकच असतं, इथे ते मऊ होतं. दोन्हींतला फरक पायालाच कळतो. घाट उतरून गाडी गार झाली की वाफेचं पुन्हा ऑइल होतं, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पेडल अगदी ठीक असतं. मेकॅनिक दोनदा दाबून बघतो, "काय प्रॉब्लेम नाही साहेब" म्हणतो, आणि टाकीतलं काळपट ऑइल तसंच राहतं.