सदतिसावा खोका कुठे आहे?

पॅलेटायझर हे कन्व्हेयरवरून येणारे भरलेले खोके उचलून पॅलेटवर, म्हणजे माल वाहायच्या सपाट तळावर, थर लावत रचणारं यंत्र. रोबोटचा हात झुकतो, सक्शन कपांनी खोका धरतो, फिरतो, ठेवतो. बघणाऱ्याला वाटतं, यंत्राला पॅलेट दिसतंय. प्रत्यक्षात साध्या पॅलेटायझरला काहीच दिसत नाही. आतापर्यंत किती खोके ठेवले, हा एक आकडा त्याच्याकडे असतो. पुढचा खोका कुठे, कोणत्या बाजूने आणि किती उंचीवर ठेवायचा हे तो त्याच आकड्यावरून काढतो. आकडा आणि पॅलेट यांची फारकत झाली की यंत्र पूर्ण आत्मविश्वासाने चूक करतं.

एक उदाहरण घेऊ. पॅलेट 1200 × 1000 मिमी आणि 150 मिमी उंच. खोका 400 मिमी लांब, 300 मिमी रुंद, 250 मिमी उंच. पहिल्या थरात पुढच्या बाजूला चार खोके असे बसवायचे की प्रत्येकाची 300 ची बाजू पॅलेटच्या लांबीला लागेल. चार त्रिक बाराशे, आणि ही रांग 400 मिमी खोल होते. तिच्यामागे तीन-तीन खोक्यांच्या दोन रांगा, यांची 400 ची बाजू लांबीला. या प्रत्येकी 300 मिमी खोल. 400, 300 आणि 300 मिळून बरोबर 1000. थरात दहा खोके, पॅलेटची एक बोटही जागा मोकळी नाही.

दुसरा थर हाच, फक्त 180 अंशांनी फिरवलेला. चारची रांग मागे जाते आणि खालच्या सांध्यांवर बऱ्याच ठिकाणी वरचा खोका आडवा येतो. विटांच्या भिंतीत सांधे मोडतात तसंच. याची किंमतही आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद मुख्यतः त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा आला तर रास जास्त वजन पेलते; सांधे मोडले की रास सरकत नाही, पण वरच्याचा कोपरा खालच्याच्या मऊ झाकणावर टेकतो. म्हणून खालचे थर सरळ एकावर एक आणि वरचे एक-दोन थर फिरवलेले, अशी तडजोड मला जड मालासाठी जास्त पटते. इथे हलका माल धरू, सहा थर, एकाआड एक फिरवलेले. एकूण साठ खोके.

आता हिशेब. `N` म्हणजे पॅलेटवर ठेवलेले खोके. बाकी सगळं त्यातून निघतं:

```
Layer   := N / 10;
Place   := N MOD 10;
Pattern := Layer MOD 2;
Z       := 150 + (Layer + 1) * 250;
```

`N` 36 असेल तर पूर्णांक भागाकाराने `Layer` 3 येतो आणि `Place`, म्हणजे `MOD` ने मिळणारी बाकी, 6. मोजणी शून्यापासून असल्याने याचा अर्थ चौथा थर, सातवा खोका. `Pattern` 1, म्हणजे फिरवलेली रचना. `Z`, म्हणजे ठेवलेल्या खोक्याचा माथा, 1150 मिमीवर. थराचा आणि थरातल्या जागेचा वेगवेगळा काउंटर ठेवणारे प्रोग्रॅम पुष्कळ दिसतात. ते चालतातही, पण त्यातला एक वाढला आणि दुसरा वाढायच्या आत बिघाड झाला, की यंत्र ‘चौथ्या थरातला अकरावा खोका’ असं अशक्य ठिकाण शोधू लागतं. एकच आकडा असेल तर असा विरोधाभास निर्माणच होत नाही.

त्या `Z` वर फार विसंबूही नये. पुठ्ठा भाराने दबतो. खालचे पाच थर प्रत्येकी 3 मिमी दबले तर सहाव्या थरातला खोका 15 मिमी वरून सुटतो. उलट, खालच्या पाच थरांतले खोके जास्त भरून फुगल्याने प्रत्येकी 4 मिमी जास्त उंच असतील तर हात 20 मिमी खोलवर दाबायला जातो आणि खालचं झाकण चिरडतं. म्हणून शेवटचे 50 मिमी हळू उतरायचं आणि स्प्रिंगवर बसवलेले सक्शन कप दबल्याचा सिग्नल आला की तिथेच थांबायचं.

`N` कधी वाढवायचा, हा खरा कळीचा प्रश्न. सोपा मोह असा की आत येणाऱ्या कन्व्हेयरवरच्या फोटोसेन्सरने मोजावं. पण वर आलेली एखादी सुटी झाकणपट्टी किरण दोनदा तोडते आणि एका खोक्याचे दोन होतात. 0.5 मीटर प्रतिसेकंद वेगाने 400 मिमीचा खोका किरण 800 मिलिसेकंद अडवतो, पट्टी जेमतेम काही मिलिसेकंद. तेव्हा 100 मिलिसेकंदांपेक्षा छोटा अडथळा सोडून दिला तर ही चूक जाते. तरीही कन्व्हेयरवर मोजलेला खोका पॅलेटवर पोचेलच असं नाही. तो वाटेत ग्रिपरमधून पडू शकतो. म्हणून `N` वाढतो तो शेवटी: कप दबले, व्हॅक्यूम सोडला, व्हॅक्यूम स्विचने पकड सुटल्याचं सांगितलं आणि हात सुरक्षित उंचीला परतला, मग.

चूक कोणत्या दिशेने झाली हे पॅलेट बघून कळतं. आकडा वास्तवापेक्षा पुढे गेला तर थरात एका खोक्याची जागा रिकामी राहते आणि तिच्यावरचा खोका आत कलंडतो. आकडा मागे राहिला तर हात भरलेल्या जागीच दुसरा खोका घालायला जातो, म्हणजे सरळ धडक.

आता पॅलेट भरण्याची वेळ. `N` 60 झाला की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा हात आपसूक `N := 0` कडे जातो. इथेच सर्वांत महाग चूक होते. समजा, साठावा खोका ठेवला, आकडा शून्य केला आणि भरलेलं पॅलेट बाहेर जायच्या आत वीज गेली. परत सुरू झाल्यावर यंत्राच्या मते समोर रिकामं पॅलेट आहे. पहिल्या खोक्याचा माथा 400 मिमीवर यायला हवा, म्हणून हात तिकडे खाली उतरतो, आणि तिथे 1650 मिमी उंच रास उभी असते.

योग्य क्रम असा. 60 ला आकडा तसाच धरून ठेवायचा, नवीन खोका उचलायचा नाही आणि हात वरच्या विश्रांतीच्या जागी न्यायचा. मग पॅलेट बाहेर सोडायचं. पॅलेटच्या जागेचा सेन्सर आधी अडलेला होता, तो मोकळा झाला, आणि नंतर नवीन पॅलेट थांब्याला टेकून पुन्हा अडला, हे दोन्ही बदल दिसल्यावरच `N` शून्य. जोडीला रिकाम्या पॅलेटच्या थोडा वर एक आडवा किरण ठेवावा. तो अडलेला असताना `N` शून्य असूच शकत नाही. वीस-तीस सेंटीमीटर उंचीवरचा हा एक सेन्सर बऱ्याच धडका टाळतो.

पॅलेट बदलेपर्यंत खोके येतच राहतात. मिनिटाला 8 खोके आणि बदलायला 40 सेकंद, म्हणजे पाच-सहा खोके साठणार. सहा खोके गुणिले 400 मिमी, निदान 2.4 मीटर कन्व्हेयर साठवणीला हवा. तो नसेल तर मागचं पॅकिंग मशीन दर तासाला अनेकदा थांबतं आणि दोष विनाकारण पॅलेटायझरच्या माथी येतो. बॅच 37 खोक्यांवर संपली तर अर्धवट पॅलेट काढायलाही हाच क्रम लागतो. फक्त लेबलवर 60 न छापता `N` छापायचं, हे विसरलं जातं.

आता `N` 36 असताना काय होतं पाहू. हात सदतिसावा खोका घेऊन खाली उतरतोय आणि कुणीतरी लाइट कर्टन, म्हणजे आत जायच्या वाटेवरचे सुरक्षेचे किरण, तोडले. यंत्र थांबतं. या क्षणी व्हॅक्यूम मात्र तोडायचा नाही. हालचाल थांबवणं सुरक्षित आहे. दीड मीटरवरचा खोका सोडून देणं नाही. वीज गेली तरी पकड काही काळ टिकावी म्हणून कपांच्या मागे एकदिशा व्हॉल्व्ह असतो. ‘काही काळ’ हे शब्द महत्त्वाचे, कारण पुठ्ठ्यातून हवा झिरपते. थांबलेल्या हाताखाली उभं राहायचं नाही ते यासाठी.

थांबताना यंत्राने एक आकडा आणखी जपलेला असायला हवा: कामाची पायरी. उचलतोय 10, नेतोय 20, उतरवतोय 30, सोडला 40. प्रत्येक पायरीचा आकडा ती हालचाल सुरू करण्याआधी लिहायचा, आणि `N` सकट वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत. आपल्या उदाहरणात पायरी 30 आहे. व्हॅक्यूम स्विच ‘पकड आहे’ म्हणत असेल तर खोका हातातच आहे. पायरी 30 आणि पकड नाही, तर खोका एक तर जागेवर बसलाय, नाहीतर खाली पडलाय. हे यंत्राला कळण्याचा मार्ग नाही, आणि त्याने अंदाज करूही नये. माणसाला विचारावं.

आत माणूस जातो, इकडेतिकडे सांडलेलं उचलतो आणि कधी ‘हा जरा चेपलाय’ म्हणून पॅलेटवरचा एक खोकाही बाजूला काढतो. त्यामुळे दरवाजा उघडला की `N` वरचा विश्वास संपला, असा नियम ठेवावा. पडद्यावर थराचं चित्र दाखवायचं, ‘चौथा थर, 6 खोके ठेवले’ असं लिहायचं आणि ऑपरेटरने पॅलेटशी ताडून ते मान्य किंवा दुरुस्त केल्याखेरीज पुढे जायचं नाही. थर धक्क्याने सरकलाय का, हेही याच वेळी दिसतं. आकडा बरोबर असूनही सरकलेल्या थरावर पुढचा खोका नीट बसत नाही.

रीसेट आणि स्टार्ट ही दोन वेगळी बटणं. इमर्जन्सी स्टॉपचं बटण परत ओढल्याने यंत्र सुरू होता कामा नये, हे आयएसओ 13850 हे मानक स्पष्ट सांगतं. रीसेटचं बटण कुंपणाबाहेर, जिथून आतला सगळा भाग दिसतो आणि आतून हात पोचत नाही अशा जागी. ते दाबल्यावर नव्हे, सोडल्यावर ग्राह्य धरतात. म्हणजे चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेलं बटण कामी येत नाही.

स्टार्ट मिळाल्यावरही पहिली हालचाल सरळ वर, हळू. थेट विश्रांतीच्या जागेकडे तिरकं निघालं तर हात शेजारचे खोके झोडपत जातो. खोक्याखाली बोटं घालणाऱ्या ग्रिपरला मात्र हा नियम आंधळेपणाने लावू नका: बोटं अर्धी सुटलेली असतील तर वर जाताना खोका तिरपा होऊन पडतो, तेव्हा तिथे आधी हाताने मोकळं करणं बरं. सदतिसावा खोका हातातच असेल तर सुरक्षित उंची गाठून तो पुन्हा वरून उतरवायचा, अर्धवट राहिलेली हालचाल मधूनच पुढे न्यायची नाही. `N` अजून 36 आहे; तो 37 होईल खोका सुटून हात वर आल्यावरच.