विषय बदलला की धागा तुटतो का? एका जुन्या प्रथेची पार्श्वभूमी

‘वर्गणीचा हिशेब’ या विषयावर सुरू झालेली मेलामेली दहाव्या उत्तरापर्यंत गच्चीवरच्या टाकीच्या गळतीवर पोचते. विषयाची ओळ मात्र वर्गणीचाच हिशेब मांडत राहते. टाकीबद्दल ज्याला खरंच काही सांगायचं आहे, त्याने वर्गणीचा धागा पहिल्या दिवशीच वाचणं सोडलेलं असतं. यावरचा उपाय चाळीसेक वर्षांपासून सगळ्यांना माहीत आहे: उत्तर देताना विषय बदलावा आणि जुना विषय कंसात ठेवावा. पण असं केल्यावर जे उरतं तो त्याच धाग्याचा फाटा, की नवा धागा, यावर एकमत कधीच झालं नाही. आजचे मेल प्रोग्रॅम एकच संवाद दोन वेगवेगळ्या रूपांत दाखवतात, त्याचं मूळ या न सुटलेल्या प्रश्नात आहे.

यूजनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यात अगदी सुरुवातीच्या काळात विषयाच्या ओळीला Title म्हणत, Subject हे नाव नंतर आलं. मेलच्या बाजूला १९८२ सालच्या आरएफसी ८२२ ने, म्हणजे इंटरनेटचे नियम नोंदवणाऱ्या क्रमांकित दस्तऐवजांपैकी एकाने, Subject, Message-ID, In-Reply-To आणि References ही हेडरं, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळी, नोंदवून ठेवली होती, पण बहुतेक प्रोग्रॅम त्यातलं Subject तेवढं ठळक दाखवत. वाचणाऱ्याच्या हाती निवड करायला ती एकच ओळ होती. नकोसे विषय गाळायची यादीही, जिला किल फाइल म्हणत, मुख्यतः याच ओळीवर चाले. एखाद्याने वैतागून एक विषय गाळून टाकला, की त्या विषयाची सगळी उत्तरं त्याच्या नजरेआड होत. धागा मधूनच कामाच्या गोष्टीकडे वळला, तरी जुन्या शीर्षकाखाली लिहिलेलं त्याला दिसत नसे. म्हणून भरकटलेल्या धाग्यात विषय बदलणं हा शिष्टाचाराच्या आधी पोचण्याचा प्रश्न होता. आपलं म्हणणं योग्य माणसापर्यंत जावं, एवढंच त्यामागे होतं.

कंसातला `was:` याच गरजेतून रुळला. नवा विषय पुढे, जुना मागे कंसात. नव्याने आलेल्याला कळतं की ही चर्चा कुठून फुटली, आणि पूर्ण ओळीऐवजी जुन्या विषयातला एखादा शब्दच ज्याने गाळायच्या यादीत टाकला आहे त्याची यादीही चालत राहते. प्रथा इतकी पक्की झाली की प्रोग्रॅमांनी ती उचलली. ‘ग्नस’ या यूजनेट आणि मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये विषय बदलायची आज्ञा दिली की जुना विषय `was:` लावून आपोआप मागे जोडला जातो, आणि पुढचं उत्तर देताना तो कंस काढायचा का हे ठरवायची सोयही आहे. ‘टिन’ या यूजनेट वाचायच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी `strip_was` नावाची स्वतंत्र सेटिंग आहे. हे काढून टाकणंही तितकंच महत्त्वाचं, कारण कंस बदल झालेल्या एकाच उत्तरापुरता असतो. तो प्रत्येक उत्तरात तसाच राहिला तर दोनदा विषय बदलल्यावर कंसात कंस अडकतात आणि खरा विषय ओळीच्या डाव्या कोपऱ्यात चेपला जातो.

आता वादाचं कलम. डिसेंबर १९८७ मधल्या आरएफसी १०३६ ने यूजनेटच्या संदेशांचं रूप ठरवलं. त्यात References या, मागच्या संदेशांच्या ओळखक्रमांकांची यादी देणाऱ्या हेडरबद्दल दोन गोष्टी एकाच वाक्यात आहेत: प्रत्येक उत्तरात ते असलंच पाहिजे, आणि नवा विषय काढला असेल तर ते निषिद्ध आहे. वाचायला हे सरळ वाटतं. उत्तर म्हणजे जुनं, त्याला दुवा हवा. नवा विषय म्हणजे नवं, त्याला दुवा नको. पण भरकटलेला धागा या दोन्हींत बसत नाही. टाकीबद्दलचं पहिलं वाक्य वर्गणीच्या हिशेबातल्या दुरुस्तीच्या खर्चाला दिलेलं उत्तरच असतं, आणि तिथूनच नवा विषयही सुरू होतो. नियम लिहिणाऱ्यांनी ‘नवा विषय’ म्हणताना Subject ओळ बदलणं धरलं होतं, की मागच्याशी संबंध नसलेलं नवं लिखाण धरलं होतं, हे त्या वाक्यातून ठरवता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. दुसराच अर्थ धरला तर कलमाला अर्थ उरतो. त्याच परिच्छेदात पुढे References चं प्रयोजन दिलं आहे: वाचकाच्या प्रोग्रॅमला संदेश संवादांमध्ये एकत्र लावता यावेत. संवाद वळण घेतो म्हणून तो संवाद राहत नाही असं कोणी म्हणणार नाही. १९९४ च्या सुमाराला या नियमाची सुधारित आवृत्ती म्हणून जो मसुदा फिरला, त्यात हीच बाजू दिसते. विषय बराच बदलला असेल तर नवी, नेमकी ओळ लिहावी आणि तिच्यापुढे `Re:` लावू नये, असा सल्ला तिथे आहे. हा सल्ला उत्तराबद्दलच दिलेला आहे. म्हणजे ओळ नवी झाली तरी लिखाण उत्तरच राहिलं. हा मसुदा अनेक प्रोग्रॅमकारांनी प्रमाण मानला, पण आरएफसी १८४९ म्हणून तो छापला गेला थेट २०१० मध्ये, तोही ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून. २००९ पर्यंत १०३६ मधला ‘निषिद्ध’ हा शब्दच अधिकृत होता.

प्रत्यक्षात काय घडतं ते वर्गणीच्याच धाग्यावर पाहू. तिसऱ्या मेलला उत्तर देताना कोणी विषय बदलला, तर पाठवलेल्या मेलची हेडरं अशी दिसतात:

```
Subject: टाकीची गळती (was: वर्गणीचा हिशेब)
In-Reply-To: <c3@example.org>
References: <a1@example.org> <b2@example.org> <c3@example.org>
```

Subject माणसाने लिहिला. खालच्या दोन ओळी प्रोग्रॅमने लिहिल्या, आणि विषय बदलला म्हणून त्या बदलल्या नाहीत. जो प्रोग्रॅम References पाहतो तो हे उत्तर c3 च्या खाली लावतो. ‘मट’ या मेल प्रोग्रॅममध्ये तर ज्याला उत्तर दिलं त्या मेलचाच विषय पुन्हा आला तर तो लपवायची सेटिंग आहे, त्यामुळे उत्तरांच्या झाडात फक्त बदललेला विषय उठून दिसतो आणि धागा कुठे वळला ते एका नजरेत कळतं. हे मला या प्रश्नाचं सर्वांत समंजस उत्तर वाटतं. जो प्रोग्रॅम Subject पाहतो तो मात्र याच मेलला नव्या धाग्याचं पहिलं पान ठरवतो.

याच हेडरांमुळे उलटी चूकही होते, आणि तिच्यावरून आजवर भांडणं झाली आहेत. पत्ता टाइप करायचा कंटाळा म्हणून कोणी जुन्याच मेलला उत्तर देतो, मजकूर पुसतो, विषय बदलतो आणि संपूर्ण वेगळी गोष्ट लिहितो. त्याच्या पडद्यावर ते नवं मेल असतं. References मुळे इतरांच्या पडद्यावर ते वर्गणीच्या धाग्यात सहाव्या पायरीवर लटकतं, आणि तो धागा ज्यांनी मिटून ठेवला आहे त्यांना दिसतच नाही. १०३६ मधला ‘निषिद्ध’ खरा लागू होतो तो इथे. पण नवख्याला रागावणाऱ्यांनी फरक न सांगता ‘विषय बदलून उत्तर देऊ नका’ असं सरसकट सांगितलं, आणि भरकटलेल्या धाग्यात विषय बदलायची चांगली सवयही त्याबरोबर गेली. कृती एकच, मागच्या मजकुराशी नातं आहे की नाही, एवढ्यावर ती योग्य की अयोग्य ते ठरतं. ‘मट’ने या चुकीसाठी वाचणाऱ्याच्या हाती इलाज दिला: `#` दाबलं की लटकलेला संदेश झाडापासून सुटतो, `&` ने तुटलेला परत जोडता येतो.

यानंतरच्या काळात पारडं Subject कडे झुकलं. २००८ च्या आरएफसी ५२५६ ने सर्व्हरवर धागे लावायच्या दोन पद्धती नोंदवल्या. एक फक्त विषयावर चालते, दुसरी References वर. पण दुसरीही शेवटी सारख्या विषयांचे सुटे धागे एकत्र करते. विषय सारखे आहेत का हे ठरवण्याआधी `Re:`, `Fwd:`, चौकटी कंसातली नावं आणि शेवटचं `(fwd)` काढायचं असं तिथे बारकाईने लिहिलं आहे. `(was: …)` त्या यादीत नाही. इतकी वर्षं वापरात असलेली खूण यंत्राच्या लेखी साधा मजकूरच राहिली.

त्याआधी, २००४ मध्ये, जीमेल आलं. संवाद एका ढिगात दाखवायची त्याची रीत बहुतेकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिथला नियम असा की विषय बदलला, किंवा संवादात शंभराहून अधिक मेल झाले, की नवा संवाद सुरू. यामुळे ज्याला खरोखर नवा धागा हवा असतो त्याची सोय झाली. पण वळण दाखवण्यासाठी विषय बदलणाऱ्याचं उत्तर मागच्या मेलांपासून तुटतं. संगणकावर जीमेलच्या उत्तराच्या चौकटीत विषयाची ओळ दिसतच नाही. बाणावर टिचकी मारून ‘विषय संपादित करा’ निवडावं लागतं. ओळच समोर नाही तर ती बदलायचं सुचणार कसं? माझ्या मते प्रथा विरळ होण्याचं हे मोठं कारण आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. Subject मध्ये साधी रोमन अक्षरंच जात असल्याने देवनागरी ओळ सांकेतिक तुकड्यांत बांधावी लागते. १९९६ च्या आरएफसी २०४७ प्रमाणे एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा मोठा नसावा. आवरणाची १२ वजा करता ६३ उरतात, आणि यूटीएफ-८ मधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइटांचं असतं आणि नेहमीच्या बेस६४ बांधणीत त्यातली ४ खातं. म्हणजे एका तुकड्यात पंधराच चिन्हं, ४५ बाइट. वरची टाकीची ओळ कंसासकट ७९ बाइट भरते, म्हणून तिचे दोन तुकडे होतात. तुकडा अक्षर पूर्ण करूनच तोडायचा असा नियम आहे. तो न पाळता पंचेचाळिसाव्या बाइटवर काप बसला, तर तो नेमका ‘वर्गणी’तल्या रफाराचा हलन्त चिरतो आणि तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटतं. जुना विषय लांब असला की हा धोका वाढतो. म्हणून कंसात पूर्ण ओळ न उतरवता ओळखीपुरते दोन शब्द ठेवणं बरं.

कंसातला शब्दही बदलू नये. ‘(आधीचा विषय: …)’ असं मराठीत लिहिलं तर वाचणाऱ्याला ते अधिक गोड वाटेल, पण कंस आपोआप काढणारे प्रोग्रॅम सहसा `was:` हीच रोमन अक्षरं शोधतात, ती नसतील तर कंस पुढच्या प्रत्येक उत्तरात चिकटून राहतो. आणि उत्तर घेणाऱ्यांत जीमेलवाले असतील, तर कंसावर विसंबू नये. ज्या मुद्द्यावरून वळण घेतलं त्या दोन-तीन ओळी उत्तरात उद्धृत कराव्यात, कारण त्यांच्या पडद्यावर मागचं मेल त्या संवादात असणारच नाही.