कट-ऑफ नेमका कुठे ठेवायचा? आरओसी आलेख कसा काढावा, कसा वाचावा

(लॅबचालक, शिबिरं घेणारे डॉक्टर आणि प्रबंध लिहिणारे विद्यार्थी अशा आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे डेटा घेऊन येणाऱ्यांची मागणी बहुतेक वेळा एका वाक्याची असते: "कट-ऑफचा आकडा तेवढा काढून द्या." आकडा आम्ही देतो, पण त्याआधी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. तो प्रश्न कुठून येतो, हे कळावं म्हणून हे पत्रक. समजावण्यासाठी एकच उदाहरण घेतलं आहे आणि त्यातले आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून आम्हीच मांडलेले आहेत. ते कुठल्याही प्रत्यक्ष अभ्यासातले नाहीत.

समजा, शिबिरात बोट टोचून ग्लुकोमीटरवर रँडम शुगर बघायची आहे आणि ज्यांची जास्त निघेल त्यांना पुढच्या तपासणीला बोलवायचं आहे. आधी २०० जणांवर अभ्यास केला. प्रत्येकाची रँडम शुगर नोंदवली आणि मग प्रत्येकाची ओजीटीटी केली, म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शिरेतलं रक्त घेतलं. २०० मिग्रॅ किंवा जास्त आली तर मधुमेह. असे ४० जण निघाले, उरलेल्या १६० जणांना मधुमेह नव्हता.

आता कट-ऑफची रेघ एकेका आकड्यावर ठेवून बघायची. रेघेवर किंवा रेघेच्या वर असलेले पॉझिटिव्ह धरायचे आणि दर वेळी दोनच गोष्टी मोजायच्या: ४० मधुमेहींपैकी किती सापडले आणि १६० निरोगी माणसांपैकी किती उगाच पॉझिटिव्ह ठरले.

| कट-ऑफ (मिग्रॅ) | सापडलेले मधुमेही | उगाच पॉझिटिव्ह |
|---|---|---|
| २०० | १४ (३५%) | ० (०%) |
| १६० | २४ (६०%) | ८ (५%) |
| १४० | ३० (७५%) | १६ (१०%) |
| १२० | ३६ (९०%) | ४८ (३०%) |
| ११० | ३८ (९५%) | ८० (५०%) |

मधल्या रकान्यातली टक्केवारी म्हणजे सेन्सिटिव्हिटी, ती उभ्या अक्षावर. शेवटच्या रकान्यातली टक्केवारी, म्हणजे १०० टक्क्यांतून स्पेसिफिसिटी वजा केल्यावर उरते ती, आडव्या अक्षावर. हे ठिपके जोडले, दोन्ही टोकांना शून्य-शून्य आणि शंभर-शंभर हे बिंदू लावले की झाला आरओसी आलेख. नावातला 'आर' म्हणजे रिसीव्हर. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धातल्या रडारच्या कामातून आली, त्यामुळे नावात वैद्यकातलं काही शोधायला जाऊ नका.

संगणकावर आर या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर एवढं पुरतं. यात `d` म्हणजे तुमची शीट, `sugar` म्हणजे रँडम शुगर आणि `ogtt` म्हणजे ओजीटीटीवरून मधुमेह ठरला तर १, नाही तर ०:

```r
library(pROC)
r <- roc(d$ogtt, d$sugar, levels = c(0, 1), direction = "<")
plot(r, legacy.axes = TRUE)
ci.auc(r)
coords(r, c(120, 140, 160), input = "threshold",
       ret = c("threshold", "sensitivity", "specificity"))
```

यात `direction` आपण स्वतः सांगितलेलं बरं. शुगर जास्त म्हणजे आजार, पण थॅलेसेमिया मायनरसाठी एमसीव्ही बघत असाल तर आकडा कमी असणं संशयास्पद. दिशा उलटी पडली तर आलेखाची रेघ कर्णाच्या खाली लोंबते. तशी दिसली की तपासणीला दोष देण्याआधी ही एक गोष्ट बघा.

रेघेखालचं क्षेत्रफळ, म्हणजे एयूसी, आपल्या उदाहरणात ०.८९५ येतं. त्याचा अर्थ असा: एक मधुमेही आणि एक निरोगी माणूस डोळे मिटून निवडला, तर मधुमेह्याची शुगर जास्त असण्याची शक्यता सुमारे ९० टक्के. तपासणीत दम आहे की नाही हे त्यावरून कळतं. कट-ऑफ कुठे ठेवायचा याबद्दल मात्र तो आकडा अवाक्षर काढत नाही.

मग बहुतेक जण योडेन इंडेक्सकडे वळतात: सेन्सिटिव्हिटीतून उगाच पॉझिटिव्हची टक्केवारी वजा करा आणि उत्तर जिथे सर्वांत मोठं तो कट-ऑफ घ्या. इथे १४० ला ७५ उणे १० म्हणजे ६५, इतर सगळीकडे त्याहून कमी. प्रबंधात हे चालून जातं. पण या हिशेबात मधुमेहाचं प्रमाण किती, सुटलेल्या रुग्णाचं नुकसान किती आणि उगाच बोलावलेल्याचं किती, यातलं काहीच नाही. शिबिराचा कट-ऑफ एवढ्यावर ठरवायला आमचं मन धजत नाही.

त्याऐवजी रेघेचा चढ बघा. समजा तुमच्या शिबिराला १,००० माणसं येणार आणि त्यांत १०० मधुमेही आहेत. कट-ऑफ १६० वरून १४० वर आणला तर १५ रुग्ण जास्त सापडतात आणि ४५ निरोगी लोकांना जास्तीचं बोलवावं लागतं. म्हणजे एका जादा रुग्णामागे ३ फुकट ओजीटीटी. १४० वरून १२० वर आलात तर पुन्हा १५ रुग्णच वाढतात, पण फुकटच्या ओजीटीटी १८० ने. एका रुग्णामागे १२. आणखी खाली ११० वर गेलात तर ५ रुग्णांसाठी १८०, म्हणजे एकामागे ३६. रेघ डावीकडे उभी चढते तिथे रुग्ण स्वस्तात सापडतात, उजवीकडे ती आडवी होत जाते तसा प्रत्येक रुग्ण महाग पडतो.

आमचा प्रश्न तो हाच: एका जादा रुग्णासाठी किती फुकट ओजीटीटी तुम्हाला परवडतात? याचं उत्तर संख्याशास्त्रात नाही. ते तुमच्या लॅबच्या खुर्च्यांत, उपाशीपोटी पुन्हा येणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या रोजंदारीत आणि निदान लांबल्याने होणाऱ्या नुकसानीत आहे. उत्तर तीन ते दहा असेल तर १४०, पंधरा-वीस असेल तर १२०. आणि हा भाव लोकवस्तीप्रमाणे बदलतो. अभ्यासात पाचातला एक मधुमेही होता, तिथे १४० वरून १२० वर येताना एकामागे सुमारे पाचच फुकट पडत होत्या. शिबिरात दहातला एक, म्हणून तोच भाव १२ झाला. आलेख मात्र दोन्हीकडे तोच.

आता आलेख फसवतो कधी, ते बघू. सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे खर्च वाचवायला फक्त १४० च्या वरच्यांची ओजीटीटी करणं. मग १४० च्या खालचे १० मधुमेही कागदावर येतच नाहीत, खालचे सगळे निरोगी धरले जातात आणि सेन्सिटिव्हिटी चक्क १०० टक्के दिसते. एवढा सुंदर आकडा दिसला की आम्ही पहिल्यांदा विचारतो, खालच्यांची खात्री कशी केली? सगळ्यांची तपासणी जमत नसेल तर खालच्यांतून चिठ्ठ्या टाकून काही जण निवडा, त्यांची ओजीटीटी करा. किती जणांतून किती निवडले हे लिहून ठेवलंत की हिशेबात दुरुस्ती करता येते.

दुसरी चूक, मधुमेही ओपीडीतून आणि निरोगी माणसं कॉलेजातून घेणं. रेघ वरच्या डाव्या कोपऱ्याला चिकटते आणि सगळे खूश होतात. तेव्हा दोन्ही गटांच्या शुगर ठिपक्यांनी मांडून बघा. १३० ते १८० च्या पट्ट्यात जवळजवळ कोणीच नसेल, तर कट-ऑफ लागणार ती माणसंच अभ्यासात नाहीत.

शिवाय ४० रुग्णांवरचे ७५ टक्के म्हणजे खरं तर साधारण ६० ते ८६ मधलं काहीही. त्यातून ज्या डेटावर कट-ऑफ निवडला त्यावरच त्याचे गुण मोजले की ते थोडे फुगतात. नव्या शंभर-दीडशे लोकांवर पुन्हा मोजता आलं तर मोजाच.

आमच्याकडे येताना एक्सेलची साधी शीट आणा, एका माणसाला एक ओळ. रँडम शुगरचा मूळ आकडा हवा, नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं चालत नाही, कारण त्यातून आलेख निघत नाही. सोबत ओजीटीटीचा आकडा आणि शेवटचं खाऊन किती तास झाले ते. जेवून तासाभराने घेतलेली १५० आणि पाच तासांनी घेतलेली १५० एकाच रकान्यात कोंबली तर रेघ उगाच सपाट होते. आणि तुमच्या लॅबला आठवड्याला किती ओजीटीटी झेपतात, तो आकडाही त्याच कागदावर लिहून आणा.