प्रश्नचिन्ह लावलं म्हणून सल्ल्याचा प्रश्न होत नाही

वर्गभेटीनंतरचा शेरा आणि शिक्षकाला स्वतःच्या शिकवण्याकडे बघायला मदत करणारा कोचिंगचा संवाद वेगळे, हे आता बहुतेकांना माहीत आहे. 'विचारप्रवर्तक प्रश्न विचारावेत' हे वाक्य शेरेवहीत वर्षानुवर्षं पडून राहतं. संवादातून मात्र उद्याच्या तासाची एक कृती निघायला हवी. यावर आणखी लिहीत नाही.

खरा घोळ पुढे आहे. 'मॅडम, मुलांना थोडा वेळ द्यायला हवा होता, नाही वाटत तुम्हाला?' याला 'हो सर' याशिवाय उत्तरच नाही. हा सल्ला आहे, आणि तो प्रश्न म्हणून खपवलेला मला अजिबात चालत नाही. सल्ला द्यायचा तर सरळ द्यावा. नव्या शिक्षकाला तो लागतोही. प्रश्न विचारायचा तर असा, ज्याचं उत्तर फक्त समोरच्याकडे आहे.

चौथीच्या एका वर्गात अपूर्णांक चालू होते. मी वीस मिनिटं बाईंचे प्रश्न शब्दशः उतरवून घेतले. 'एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश, मोठा कोणता?' एक मुलगा म्हणाला, 'एक चतुर्थांश.' 'नीट बघ. कोण सांगेल?' एका मुलीने बरोबर सांगितलं. 'शाब्बास! कळलं ना सगळ्यांना?' 'हो बाई!'

मधल्या सुटीत तो कागद दोघांच्या मध्ये ठेवला आणि विचारलं, 'मुलांना समजलं हे तुम्हाला कोणत्या उत्तरावरून कळलं?'

'त्या मुलीच्या.'

'तिने ते कसं ठरवलं असेल?'

इथे गप्प बसायचं. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात. कोचही तीच घाई करतो.

बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, 'ते मी विचारलंच नाही.'

'आणि त्या मुलाने?'

'तीनपेक्षा चार मोठे, म्हणून म्हणाला असेल.'

'तसंच आहे का, हे उद्या कसं तपासाल?'

बाईंनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं: 'कसं ठरवलंस? पट्टी दुमडून दाखव.' एवढी एकच कृती ठरवली. दोन ठरवल्या की एकही होत नाही, हा माझा अनुभव.

आठ दिवसांनी दहाच मिनिटं वर्गात बसलो आणि प्रत्येक उत्तरानंतर बाई काय म्हणाल्या तेवढंच टिपलं. सात उत्तरांपैकी तीनदा 'कसं ठरवलंस?' आलं, आणि तिन्ही वेळा उत्तर चुकलेलं होतं. तिसऱ्या वेळी मुलाने प्रश्न ऐकताच पाटीवरचं उत्तर पुसून टाकलं.

ती नोंद बाईंसमोर ठेवून विचारलं, 'त्याने का पुसलं असेल?'

त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. 'बरोबर उत्तराला मी हे विचारतच नाही.'