गिचका भात वेगळा, चिकट भात वेगळा

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, एका वाटीला दोन वाट्या पाणी घालत होते, ते कमी करत करत एका वाटीवर आणलं. तरी भात मोकळा नाहीच, आणि आज तर आत दाठर लागतोय."

मी तिला सांगितलं, "चार शितं ताटलीत घे आणि मला सांग, ती फुटलेली आहेत की अख्खी?" शितं अख्खी होती, टोकंही शाबूत होती, फक्त एकमेकांना धरून बसलेली. म्हणजे महिनाभर ती गिचक्या भाताचं औषध चिकट भाताला देत होती.

हा घोटाळा फार घरांत होतो, कारण दोन्ही भात पातेल्यात सारखेच दिसतात: एक गोळा. पण गिचक्या भातात दाण्याचाच आकार गेलेला असतो. टोकं उकललेली, कडा विरघळलेल्या, बोटात धरलं की लगदा. चिकट भातात दाणा नीट असतो, बिघाड दाण्याच्या बाहेर असतो. शितं अलगद सोडवली तर सुटी होतात, बोटाला मात्र खळ लागते.

आधी गिचका. याचं पहिलं कारण म्हणजे उघड्या पातेल्याचं माप तसंच कुकरला लावणं. तांदळाला शिजायला साधारण त्याच्या मापाइतकंच पाणी लागतं. वर घालतो ते वाफ होऊन उडून जाण्यासाठी. उघड्या पातेल्यात ते खरंच उडतं, म्हणून एकास दोन चालून जातं. बंद कुकरमधून शिट्टीवाटे जाईल तेवढंच पाणी जातं, उरलेलं आतच राहतं आणि दाणा ते पीत राहतो. शिवाय पूर्ण दाबाला आत सुमारे १२० अंश सेल्सिअस तापमान असतं, तर उघड्या पातेल्यात पाणी १०० च्या वर जात नाही. दाणा झपाट्याने फुगतो आणि त्याचं बाहेरचं अंग फाटतं.

यातली एक गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली. उडणारं पाणी तांदळाच्या मापावर ठरत नाही. ते कुकर, आच आणि शिट्ट्या यांवर ठरतं. म्हणून एका वाटीला दीड वाटी पाणी बरोबर बसलं, तर तीन वाट्यांना साडेचार घालायचं नसतं. एका वाटीच्या वेळी वरचं पाणी अर्धी वाटी होतं. तीन वाट्यांच्या वेळी ते फार तर पाऊण वाटी धरा, म्हणजे एकूण पावणेचार. रोजचा भात छान आणि पाहुणे आले की गिचका, असं ज्यांच्याकडे होतं त्यांनी आधी हे तपासावं.

दुसरं कारण शिट्ट्या मोजणं. शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या पटापट होतात, मंद आचेवर त्याच तिघींना दुप्पट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ भात शिजत असतो. शिवाय गॅस बंद केल्यावरही दाब उतरेपर्यंत शिजणं थांबत नाही. म्हणून शिट्ट्या वाढवण्यापेक्षा एकच शिट्टी घेऊन उरलेलं काम आतल्या वाफेवर सोडावं. पण घाईने शिट्टी उचलून वाफही सोडू नये. दाब एकदम पडला की दाण्यातलं तापलेलं पाणी आतल्या आत उकळतं आणि दाणा फुटतो. माप अगदी बरोबर असूनही टोकं उकललेली दिसली, तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

आता चिकट भात. याची गोष्ट पिष्टाची आहे. तांदळात दोन प्रकारचं पिष्ट असतं, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त तो तांदूळ मोकळा होतो. लांब दाण्याचे बरेच तांदूळ या गटात येतात. अमायलोपेक्टिनचा वाटा जसा वाढतो तसा भात चिकट होत जातो. आखूड, जाड दाण्याचे पुष्कळ तांदूळ असे असतात, आणि त्यांच्यासाठी चिकटपणा हा दोष नाही, तोच त्यांचा गुण आहे. त्यांच्याकडून फडफडीत भाताची अपेक्षाच धरू नये.

शिजताना यातलं थोडं पिष्ट दाण्यातून पाण्यात उतरतं. वेळलेल्या भातात ते पेजेबरोबर निघून जातं, म्हणून तो इतका सुटा होतो. कुकरमध्ये पेज काढायला वावच नाही. ती खळ आटून दाण्यांवरच बसते. पाणी कमी केल्याने ती जात नाही, उलट दाणा आत कच्चा राहतो. बहिणीचं नेमकं हेच झालं होतं.

इथे उपयोग होतो तो तांदूळ निवडण्याचा. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि पिष्ट कमी सोडतो. नवा त्याच्या उलट. धुण्याने दाण्यावरची सुटी पिठी जाते, म्हणून तीन-चार पाण्यांनी धुवावं, पण शिजताना आतून उतरणाऱ्या पिष्टावर धुण्याचा इलाज चालत नाही. धुताना तांदूळ चोळूही नये. दाणे तुटतात, आणि तुटलेल्या कण्या सगळ्यात जास्त खळ सोडतात.

बहिणीला मी सांगितलेली कृती अशी. लांब दाण्याचा जुना तांदूळ एक वाटी. हलक्या हाताने धुऊन वीस मिनिटं भिजवायचा आणि मग रोवळीत दहा मिनिटं निथळायचा. भिजल्यावर पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत आधीच पोचलेलं असतं, त्यामुळे बाहेरचं अंग फाटायच्या आत गाभा शिजतो. पण भिजताना प्यायलेलं पाणी मापातून वजा करायचं: न भिजवलेल्याला दीड वाटी, तर भिजवून निथळलेल्याला सव्वा. चमचाभर तेल घालून तांदूळ थेट कुकरमध्ये, मध्यम आच, एक शिट्टी, गॅस बंद. दाब आपोआप उतरू द्यायचा, त्याला आठ-दहा मिनिटं लागतात. झाकण पडलं की लगेच उघडायचं, कारण बंद ठेवलं तर वाफेचं पाणी परत भातावर गळतं.

आणि लगेच ढवळायचं नाही. गरम दाणा फार नाजूक असतो. पाच मिनिटं उघडा ठेवला की वरची ओल जाते, पिष्ट जरा घट्ट होतं, आणि मग काट्याने कडेकडेने मोकळा करायचा.

डब्यात भात लावत असाल तर शिट्टीवाटे जाणारी वाफ तळातल्या पाण्याची असते. डब्यातलं पाणी जवळजवळ उडत नाही, उलट झाकणावरून थेंब पडतात. त्यामुळे डब्यावर ताटली ठेवावी. तिथे उष्णता उशिरा पोचते, म्हणून शिट्ट्या मात्र दोन-तीन लागतात.

बहिणीने काल पुन्हा फोन केला. सव्वा वाटीने शितं सुटी झाली, पण गाभा किंचित टणक राहिला. तिचा तांदूळ बराच जुना निघाला. आता ती सव्वाच्या वर दोन मोठे चमचे पाणी घालून बघणार आहे.