चार बिटांचं मॉडेल लॅपटॉपवर कसं आलं

फेब्रुवारी २०२३मध्ये मेटाने ‘लामा’ ही भाषा-मॉडेलं फक्त संशोधकांसाठी दिली, पण काही दिवसांतच त्यांचे वेट्स, म्हणजे मॉडेल ज्यांवर चालतं ते आकडे, इंटरनेटवर फुटले. त्यातल्या सर्वांत लहान मॉडेलमध्येही असे ६.७ अब्ज आकडे होते. प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे फाइल १३ जीबीच्या पुढे. ती ८ जीबी रॅममध्ये मावणार कशी? मार्चमध्ये गेऑर्गी गेर्गानोव्ह यांनी ही मॉडेलं चालवणारं `llama.cpp` हे सॉफ्टवेअर खुलं केलं आणि तेच मॉडेल चार बिटांत, ग्राफिक्स कार्डाशिवाय लॅपटॉपवर चालू लागलं.

आकडे असे कमी बिटांत बसवण्याला क्वांटायझेशन म्हणतात. यातली `Q4_0` ही पद्धत अगदी सरळ आहे. ३२ आकड्यांचा एक गट घ्यायचा, त्यातला सर्वांत मोठा आकडा पाहून गटाचं माप ठरवायचं आणि प्रत्येक आकडा १६ पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर बसवायचा. आकड्यांचे १६ बाइट आणि मापाचे २, मिळून ६४ बाइटांचं काम १८ बाइटांत होतं. दुखणंही इथेच आहे. गटात एखादाच आकडा फार मोठा निघाला, तर पायऱ्या लांब लांब पडतात आणि बाकीचे लहान आकडे शून्याजवळ एकाच पायरीवर गोळा होतात. म्हणून जून २०२३मध्ये के-क्वांट्स या सुधारित पद्धती आल्या. त्यांतल्या `Q4_K_M`मध्ये शब्दांचे परस्परसंबंध पाहणाऱ्या अटेन्शनच्या ‘व्हॅल्यू’सारखे नाजूक भाग काही थरांत सहा बिटांत ठेवले जातात. आजही सुरुवात इथूनच करावी.

फाइल लहान झाली की वेगही वाढतो, कारण प्रत्येक टोकनसाठी, म्हणजे शब्दाच्या प्रत्येक तुकड्यासाठी, जवळजवळ सगळे वेट्स रॅममधून वाचावे लागतात. सेकंदाला ५० जीबी वाचणाऱ्या रॅमवर ‘लामा ३.१’चं ८ अब्जांचं मॉडेल `Q4_K_M`मध्ये (४.९ जीबी) सेकंदाला फार तर दहा टोकन देईल, १६ बिटांत जेमतेम तीन. मॉडेल सुरू करायची आज्ञा अशी:

```
llama-server -m model.gguf -c 8192
```

इथला `-c`, म्हणजे मॉडेलने किती टोकन लक्षात ठेवायचे तो आकडा, महत्त्वाचा. या मॉडेलला संभाषण लक्षात ठेवायला टोकनमागे १२८ केबी लागतात; म्हणजे ८,१९२ टोकनांना १ जीबी, तर पूर्ण १,३१,०७२ टोकनांना १६ जीबी. रॅम संपली की वेट्स पुन्हा पुन्हा डिस्कवरून वाचले जातात: डिस्कचा वापर सतत चढा राहतो आणि शब्द काही सेकंदांनी एकेक उमटतो. अशा वेळी आधी `-c` कमी करावा. सर्व्हर मुळात `127.0.0.1` वरच ऐकतो, त्यामुळे गप्पा त्याच मशीनवर राहतात. `--host 0.0.0.0` दिलं की नेटवर्कवरच्या इतरांनाही दार उघडं होतं.

गुणवत्तेचं बोलायचं तर पहिल्या ‘लामा’च्या त्या ६.७ अब्जांच्या मॉडेलची पर्प्लेक्सिटी, म्हणजे पुढचा शब्द ओळखताना होणाऱ्या गोंधळाचं माप, १६ बिटांत ५.९१ होती, `Q4_0`मध्ये ६.१६ झाली. मात्र ही मोजणी इंग्रजी मजकुरावरची. कोहिअर या एआय कंपनीच्या संशोधकांनी २०२४मध्ये दाखवलं, की क्वांटायझेशनचा फटका लॅटिन नसलेल्या लिप्यांच्या भाषांना जास्त बसतो. तेव्हा मराठीत काम असेल तर तेच वीस-पंचवीस मराठी प्रश्न, उत्तरं दर वेळी बदलू नयेत म्हणून `--temp 0` ठेवून, `Q4_K_M` आणि आठ बिटांचं `Q8_0` या दोन्हींना विचारावेत. चार बिटांत विभक्तीप्रत्यय चुकू लागले किंवा वाक्य मध्येच हिंदीकडे वळलं, तर पाच बिटांचं `Q5_K_M` घ्यावं. फाइल पाऊण-एक जीबीनेच वाढते.